टॅटू आधी फोटोत गोंदवून पाहताना

टॅटू काढून घ्यायच्या आधी तो अंगावर कसा दिसेल, हे हल्ली बहुतेक जण फोनवरच पाहून घेतात. हाताचा फोटो काढायचा, त्यावर नक्षी चिकटवायची, थोडी फिरवायची, झालं. मग तो फोटो मित्रमंडळींना जातो, सगळे ‘भारी’ म्हणतात आणि स्टुडिओतली वेळ ठरते. अशा फोटोत नक्षी खरं तर त्वचेवर नसतेच, ती फोटोवर असते. कडा धारदार, काळा रंग डांबरासारखा आणि हात गोल असूनही नक्षी सपाट. असा फोटो पाहून जागा आणि आकार ठरवला, तर फसगत व्हायचीच शक्यता जास्त.

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. त्याला मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला ‘आई’ गोंदवून हवं होतं. शिरोरेषा दोन्हीकडे लांबवायची आणि तिच्या टोकांना एकेक जास्वंदीचं फूल. कागदावर नक्षी नऊ सेंटीमीटर रुंद होती आणि सुरेख दिसत होती. त्या जागी त्याच्या हाताचा घेर भरला पंचवीस सेंटीमीटर, म्हणजे हात साधारण चार सेंटीमीटर त्रिज्येचा नळकांड्यासारखा. नऊ सेंटीमीटरची नक्षी त्यावर गुंडाळली की समोरून ती जेमतेम सव्वासात सेंटीमीटर दिसते. हे आकुंचन सगळीकडे सारखं नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. मधला एक सेंटीमीटर जवळपास पूर्ण दिसतो, पण कडेचा शेवटचा एक सेंटीमीटर अर्ध्यावर येतो. ‘आई’ तशीच्या तशी राहते आणि फुलं दाबल्यासारखी, अर्धी वळणापलीकडे जातात. फोटोत नक्षी नुसती अरुंद करून हे कळत नाही, कारण तशाने अक्षरंही फुलांइतकीच दाबली जातात.

हे गणित प्रत्येक वेळी मांडत बसायची गरज नाही. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप हाताभोवती धरायची आणि बॉलपेनने दर सेंटीमीटरला एक ठिपका द्यायचा. नक्षी जितकी उंच, तितक्या अंतरावर ठिपक्यांची दुसरी ओळ. फोन स्टँडवर ठेवायचा, निदान दीड मीटर लांब, आणि झूम करून फोटो घ्यायचा. फोन अगदी जवळ आणला तर हाताचा मधला भाग फुगतो. मग हात न हलवता ठिपके पुसून दुसरा फोटो. उजेड खिडकीचा, एका बाजूने येणारा असावा. फ्लॅश त्वचेचे सगळे उंचवटे मारून टाकतो. ठिपक्यांजवळ दहा रुपयांचं नाणंही ठेवावं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोटोत ते २७० पिक्सेल भरलं, तर एका मिलिमीटरला दहा पिक्सेल हे माप हाती येतं.

आता फोटोशॉपमध्ये नक्षीवरच एक-एक सेंटीमीटरच्या उभ्या रेघा आखायच्या आणि Edit > Transform > Warp घेऊन प्रत्येक रेघ फोटोतल्या तिच्या ठिपक्यावर ओढून बसवायची. हात कुठेच खराखुरा गोल नसतो, मनगटाकडे तर तो बराच चपटा होतो. ठिपक्यांमुळे तो फरकही आपोआप पकडला जातो. शिरोरेषेकडे जरा लक्ष द्यावं लागतं. कॅमेरा त्याच उंचीवर असेल तर ती सरळ दिसते, वरून पाहिलं की बांगडीसारखी वाकते. ठिपक्यांची ओळ जशी वाकली असेल तशीच ती वाकवायची. सवयीने सरळ करायला गेलो की नक्षी पुन्हा हातावरून सुटलेली दिसते.

एवढं केलं तरी चित्र स्टिकरसारखंच दिसतं, कारण शाई अजून त्वचेच्या वर आहे. सुई शाई सोडते ती एक ते दोन मिलिमीटर खोल, खालच्या थरात. वरचा थर सतत झडून नवा येतो, तिथली शाई टिकलीच नसती. म्हणजे टॅटू आपण कायम त्वचेतून पाहत असतो, ट्रेसिंग पेपरखालचं चित्र पाहावं तसा. म्हणून काळा रंग बरा झाल्यावर करडा, किंचित निळसर दिसतो आणि कडा मऊ पडतात. फोटोत नक्षीच्या लेयरला Multiply मोड द्यावा, शुद्ध काळ्याऐवजी निळसर छटेचा गडद करडा घ्यावा आणि Gaussian Blur अर्ध्या ते एका पिक्सेलचा. आपल्या मापात एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याहून जास्त दिला तर टॅटू ताजा न वाटता जुना वाटू लागतो.

Multiply रंगांच्या बाबतीतही बरंच खरं बोलतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पिवळा आणि फिकट गुलाबी त्यात जवळपास विरून जातात, पांढरा तर नाहीसाच होतो. प्रत्यक्षातही वरच्या थरातलं मेलॅनिन हलक्या रंगांवर गाळणी धरतं. लेयर Normal ठेवून झळाळता पिवळा दाखवणारे नमुने मला खोटे वाटतात.

मात्र Multiply एका ठिकाणी चुकतो. त्वचेची चमक येते वरच्या पृष्ठभागावरून आणि शाई असते तिच्या खाली, म्हणून खऱ्या टॅटूवर उजेडाचा चकाकता पट्टा तसाच दिसतो. Multiply तो काळा करून टाकतो. उपाय Layer Style मधल्या Blend If मध्ये आहे. तिथे Underlying Layer चा पांढरा त्रिकोण Alt दाबून दुभंगायचा आणि अर्धा भाग डावीकडे सरकवायचा. चमक हळूहळू शाईवर परत येते. नमुना कसा जमला ते मी याच जागी पाहतो.

पोतासाठी वरून दाणेदार थर टाकायची काही गरज नाही. छिद्रं, लव, तीळ सगळं फोटोत आहेच आणि Multiply मधून ते दिसतं. रेघांना मात्र सुरकुत्यांनुसार किंचित हलवावं लागतं. फोटोची करडी प्रत काढायची, तीन-चार पिक्सेल धूसर करायची, PSD म्हणून जपून ठेवायची आणि नक्षीवर Filter > Distort > Displace चालवून ती प्रत द्यायची. मधल्या करड्यावर रेघ हलत नाही, गडद आणि फिकट जागी विरुद्ध दिशांना सरकते. Scale पाचच्या आसपास ठेवला तर सरक फार तर सहा पिक्सेलची होते. या फिल्टरला उंची-खोली कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. तिळाला तो खड्डा समजतो आणि रेघ तिथे थरथरते. तसं दिसलं की आकडा कमी करावा किंवा करड्या प्रतीतून तो तीळच पुसून टाकावा.

भाच्याच्या नमुन्यात आम्ही आणखी एक प्रत केली, तिच्यात blur वाढवून चार पिक्सेल केला. शाई धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, नव्या पेशी तीच शाई पुन्हा गिळतात. मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. टॅटू टिकतो तो अशा हस्तांतरामुळे, पण वर्षांगणिक रेघा थोड्या पसरतातच. किती पसरतील ते त्वचेवर, उन्हावर आणि गोंदणाऱ्याच्या हातावर अवलंबून, त्यामुळे चार पिक्सेल हा आपला अंदाजच. तरी त्या प्रतीत फुलांचे परागकण एकमेकांत मिसळले आणि ‘आ’च्या वळणातली पोकळी बुजत आली. नक्षी मोठी करायला तर हातावर जागा नव्हती. शेवटी फुलं शिरोरेषेच्या टोकांवरून काढून अक्षरांच्या खाली, हाताच्या लांबीच्या दिशेने घेतली, पराग मोजकेच ठेवले आणि रुंदी सहा सेंटीमीटरवर आणली.

फोटोत न कळणारी एक गोष्ट उरतेच. तळहात वर असताना सरळ दिसणारी नक्षी, हात खाली सोडला की पीळ पडून तिरकी होते, कारण मनगटाशी त्वचा कोपरापेक्षा जास्त फिरते. हे स्टुडिओतल्या स्टेन्सिलवरच पाहता येतं. तो जांभळा ठसा उमटल्यावर हात सैल सोडून आरशासमोर उभं राहायचं आणि नक्षी तिरकी वाटली तर पुसून पुन्हा लावायला सांगायचं. भाच्याने तो दोनदा पुसायला लावला, कलाकाराने तक्रार केली नाही.