रीसेट करण्याआधी एक फोन

राउटरच्या सेटिंगचं पान, म्हणजे ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाकल्यावर उघडतं ते, वायफायच्या पासवर्डने सहसा उघडत नाही. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. तो विसरला, तर आधी राउटर उलटा करून तळाचं लेबल वाचा. कुणी बदललेला नसेल, तर तिथला पासवर्ड चालतो.

नाहीच चालला, तर राउटर चालू ठेवून रीसेटच्या छिद्रातलं बटण टाचणीने साधारण दहा सेकंद दाबायचं. दिवे विझून पुन्हा लागले की लेबलवरचा पासवर्ड आणि वायफायचं मूळ नाव परत येतं. जुना पासवर्ड मात्र कळत नाही, तो पुसला जातो.

खरी अडचण पुढे येते. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेलं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेले असतात, तेही जातात. मग मोबाइल वायफायला जोडला जातो, पण इंटरनेट येत नाही. लोक राउटर बिघडला म्हणतात, तो धडधाकट असतो. अपडेट केलेलं फर्मवेअर मात्र सहसा तसंच राहतं.

म्हणून टाचणी शोधण्याआधी केबलवाल्याला फोन करून ही दोन्ही माहिती लिहून घ्या.