आधी इसार, मग फ्रीझर

दसऱ्यानंतर बीडच्या रस्त्यांवर सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. बालाघाटच्या डोंगररांगांत, विशेषतः धारूरकडे, हे झाड फारशी निगराणी न करता येतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फळ झाडावरून उतरलं की चार-पाच दिवसांत मऊ पडतं आणि मग मिळेल त्या भावाला द्यावं लागतं. त्यामुळे दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या मनात एकच विचार येतो: गर काढून गोठवला आणि उन्हाळ्यात विकला तर?

कल्पना वाईट नाही. चुकतो तो क्रम. कर्ज काढून डीप फ्रीझर येतो, गाळा भाड्याने घेतला जातो, पाचशे पिशव्यांवर नाव छापून होतं, आणि गिऱ्हाइकाचा शोध सगळ्यात शेवटी सुरू होतो. बैल किंवा जमीन घेताना आपल्याकडे उलटा क्रम चालतो. तोंडी होकाराला तिथे कुणी विचारत नाही. इसार हातावर पडला की व्यवहार झाला. खाण्याच्या वस्तूच्या बाबतीत मात्र ‘छान लागतंय हो, सुरू करा’ एवढ्यावर आपण बँकेत जातो.

आपल्याकडच्या एका प्रसिद्ध उद्योगाची सुरुवात इथे पाहण्यासारखी आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. उसने घेतलेले 80 रुपये हे भांडवल. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. हेच पुढचं ‘लिज्जत’. फुटलेले पापड या बायका शेजाऱ्यांना वाटून टाकत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की खाट आणि स्टोव्हवरचा खर्च विक्री दिसल्यावर झाला, आणि तोही नेमक्या नडलेल्या ठिकाणी.

आता सीताफळाची अशीच चार पाकिटं करून पाहू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. 50 रुपये किलोने 10 किलो फळ आणलं, 500 रुपये. साल आणि बिया काढून 4 किलो गर निघाला. (हा उतारा फळागणिक बराच बदलतो, वजन करूनच लिहा.) मजुरीचे 300 धरा, घरच्या माणसांनी काम केलं तरी धराच. पिशव्या आणि चिकटपट्टी 80. म्हणजे 880 रुपयांत अर्ध्या किलोच्या आठ पिशव्या, एकीला 110. एवढा माल घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावतो. पिशव्या चपट्या, पातळ थराच्या ठेवा, म्हणजे गर लवकर गोठतो. गोळा ठेवला तर मधला भाग तासन्‌तास मऊ राहतो आणि काळपट पडतो. रंग टिकावा म्हणून गर उकळायला जाल तर कडवट होईल. आणि बिया मिक्सरमध्ये फिरू देऊ नका, त्या विषारी असतात.

विक्रीच्या चाचणीत खरी फसगत हंगामाची आहे. ऑक्टोबरमध्ये बीडकराला गोठवलेला गर दाखवला तर तो हसेल, कारण समोर ताजं फळ पाटीभर पडलेलं आहे. त्याचा नकार खरा नाही. आणि पुण्याहून दिवाळीला आलेल्या भावजयीचा उत्साही होकारही खरा नाही. गराची गरज पडते ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणून प्रश्नही तोच विचारायचा: ‘एप्रिलमध्ये अर्धा किलो 200 रुपयांना मिळेल, 50 रुपये आत्ता द्यावे लागतील, माल दिला नाही तर पैसे परत.’ मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत हेच करतात, कागद घेण्याआधी वाचकाचे पैसे मोजतात.

समजा चाळीस जणांना विचारलं. तीस म्हणाले ‘वा’, सहा जणांनी 50 रुपये काढले. वहीत फक्त सहा लिहायचे. त्यातले सख्खे नातेवाईक वेगळ्या रकान्यात, कारण ते तुमच्यासाठी घेतात, गरासाठी नाही. उधारीवर ‘नाव लिहून ठेवा’ म्हणणारे तर मोजायचेच नाहीत.

हे सहा पुरे आहेत का? ते फ्रीझरला विचारावं लागतं. फ्रीझर 30,000 रुपयांचा धरला, पोहोचवण्याचा खर्च पिशवीमागे 20, तर 200 मधून 110 आणि 20 वजा जाऊन 70 उरतात. नुसत्या फ्रीझरची किंमत निघायला जवळपास 430 पिशव्या विकल्या पाहिजेत. चाळिसात सहा या हिशेबाने, प्रत्येकी एक पिशवी धरली तर, तुम्हाला सुमारे 2,900 माणसांपर्यंत जावं लागेल. घरगुती गिऱ्हाइकावर हा धंदा उभा राहणं अवघड, हे 880 रुपयांत कळलं.

मग दुसरा दरवाजा: आइस्क्रीम, ज्यूस आणि रबडीची दुकानं, लग्नाचे केटरर. इथे नमुना फुकट द्यायला हरकत नाही, पण ‘पुढच्या आठवड्याला पाठवा’ हे उत्तर नव्हे. ‘दहा पिशव्यांचा इसार देता का’ हा प्रश्न. जानेवारी ते ऑगस्ट दरमहा दहा घेणारी पाच दुकानं मिळाली तर 400 पिशव्या झाल्या. एवढ्यावर हुरळून जाल, तोच दुकानदार भाव पाडेल. त्याला 160 ला दिलं तर पिशवीमागे 30 उरतात आणि फ्रीझर फिटायला 1,000 पिशव्या, म्हणजे अडीच वर्षं. विजेचं बिल वेगळं, आणि एप्रिलच्या दुपारी वीज गेली तर आतल्या मालाचं काय, हेही वेगळं. अशा वेळी एखाद्या शीतगृहात भाड्याने जागा मिळते का ते आधी पाहावं, फ्रीझर नंतर.

म्हणून आकडा आधी लिहून ठेवायचा. ‘दोन महिन्यांत चार दुकानांनी 180 च्या वर भावाला इसार दिला, आणि त्यांपैकी दोघांनी दुसऱ्यांदा मागितलं, तर पुढे, नाहीतर थांबायचं.’ हे चाचणीआधी लिहिलं नाही तर नंतर मन सवलत देतं, तीन दुकानंही पुष्कळ वाटू लागतात. दुसऱ्यांदा मागणं याला मी सर्वांत जास्त वजन देतो. पहिली खरेदी उत्सुकतेपोटी होते. दुसऱ्या वेळी दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलेलं असतं.

दोन गोष्टी चाचणीच्या काळातही सुटत नाहीत. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, माल आठ पिशव्यांचा असला तरी. आणि पिशवीवर मानांकनाचं चिन्ह छापायचं असेल तर त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवलेलं असावं लागतं; फळ बीडचं आहे एवढं पुरत नाही.

आकडा गाठला नाही तर सहा जणांना त्यांचे पन्नास-पन्नास रुपये परत करायचे, म्हणजे एकूण तीनशे. ते त्याच आठवड्यात करा, एप्रिलची वाट पाहू नका. आणि फ्रीजमधल्या उरलेल्या पिशव्यांची बासुंदी करा.