जेवायला या, की तीर्थप्रसादाला?

वास्तुशांतीची पत्रिका छापवाल्याकडून पीडीएफ होऊन येते. ती तशीच नात्यातल्या दोन-तीन ग्रुपांवर ढकलली, की निमंत्रण झालं असं आपण धरून चालतो. आत्या ती मोबाइलवर उघडते, गणपतीचं चित्र बघते, वर ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं बघते आणि फोन बाजूला ठेवते. आठ दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून आपल्या कानावर येतं, की आत्या म्हणत होती, बोलावलं तरी कुठे?

या रुसव्याचं खापर मानपानावर फोडायला सोपं जातं. पण पत्रिका जरा आत्याच्या जागी बसून वाचून पाहा. ‘सकाळी ९ वाजता वास्तुशांत, सायं. ६ ते ९ सत्यनारायण दर्शन व तीर्थप्रसाद, सहकुटुंब सहपरिवार यावे.’ यातून तिने काय समजायचं? नऊला यायचं की सहाला? दुपारी जेवण आहे का, आणि असलं तर ते आपल्यासाठी आहे का? संध्याकाळची वेळ शेजारीपाजारी आणि ऑफिसच्या लोकांसाठी ठेवलेली असते, हे यजमानाला ठाऊक असतं, पत्रिकेला नसतं. ‘सहकुटुंब’मध्ये लग्न झालेली मुलगी आणि जावई धरायचे का? (धरायचे नाहीत. जावयाला वेगळा फोन लागतो, त्याच घरात राहत असला तरी.) अशा शंका घेऊन माणूस सांगलीहून पुण्याला येत नाही. विचारायला संकोच वाटतो म्हणून गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याचाच पुढे रुसवा होतो.

म्हणून पत्रिका खुशाल पाठवा, पण तिच्या आधी फोन करा आणि फोननंतर त्या माणसाला स्वतंत्र चार ओळी लिहा. फोन मानासाठी, लिहिलेलं लक्षात राहण्यासाठी. फोन कोणी करायचा हेही ठरलेलं असतं: आईच्या माहेरी आईने, सासरच्या मंडळींना सुनेने आणि मुलाने दोघांनी. सगळ्यात थोरल्या माणसाला सगळ्यांत आधी. धाकट्या काकांना पत्रिका पोहोचली आणि थोरल्यांना ती त्यांच्याकडून कळली, तर पुढचे सगळे फोन समजूत काढण्यात जातात.

एक उदाहरण घेऊ. मोशीत नवा फ्लॅट, सहावा मजला. रविवारी २२ फेब्रुवारीला वास्तुशांत. होम साडेआठला सुरू होणार, पूर्णाहुती बाराच्या सुमारास. जेवण साडेबारापासून, खालच्या क्लब हाउसमध्ये, कारण दोन खोल्यांत होम, धूर आणि साठ माणसं मावत नाहीत. सांगलीच्या आत्याचे गुडघे दुखतात, काकांना साखरेचा त्रास आहे. भाच्याने फोन केला आणि मग हे लिहिलं:

‘आत्या, नमस्कार. काल बोललो ते नीट लिहून पाठवतो. रविवारी २२ तारखेला वास्तुशांत आहे. तू आणि काका शनिवारीच मुक्कामाला या. सकाळच्या एसटीत बसलात की फोन कर, स्वारगेटला मी गाडी घेऊन उभा असेन. घर सहाव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट चालू आहे. झोपायची सोय आपल्याच घरात केली आहे, तुम्हाला पलंग. पूजेजवळ तुझी खुर्ची ठेवतोय, जेवायलाही टेबल आहे, खाली बसायचं नाही. काकांसाठी साधा वरण-भात आणि बिनसाखरेचा चहा सांगून ठेवलाय. गावच्या घराच्या शांतीला सगळं तूच सांभाळलं होतंस असं बाबा सांगतात, म्हणून वास्तुपुरुषाचा निक्षेप करताना तू शेजारी हवीस. सोमवारी सकाळच्या गाडीत बसवून देतो.’

यात अलंकारिक असं काही नाही. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ नाही, ‘आहेर आणू नये’ही नाही. ही दुसरी ओळ छापील पत्रिकेत ठीक असते. सख्ख्या आत्याला ती लिहिली तर तिची देण्याची हौस आपण आधीच परतवून लावली असं होतं. तिची ओटी आणि साडी आपल्याकडे तयार असणारच असते, तेव्हा तिनेही काही आणलं तर आणू द्यावं.

नाशिकच्या चुलतभावाला हाच मजकूर चालणार नाही. तो गाडी घेऊन येणार, सोबत दोन लहान मुलं, आणि होमाच्या धुरात साडेतीन तास बसायची त्याची तयारी नाही. त्याला असं लिहावं: ‘दादा, वहिनी आणि मुलांना घेऊन अकरापर्यंत पोहोचलास तरी पूर्णाहुती सापडेल. जेवायला सगळे आपल्याकडेच. पुणे शहरात शिरायचं नाही, चाकण ओलांडलं की मोशी लागते. चाकणला गाड्या तुंबतात, म्हणून सहाला निघ. पार्किंग मागच्या गेटने. शनिवारी रात्री येणार की रविवारी सकाळी, तेवढं बुधवारपर्यंत कळव.’

शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा विचारलेला आहे. ‘येणार ना?’ याला आपल्याकडे ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘जमवूच’ ही तीनच उत्तरं आहेत आणि पहिल्या दोन्हींचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असा असतो. केटरर गुरुवारी पानांचा आकडा मागतो, तिथे ‘जमवूच’ चालत नाही. शनिवार की रविवार, असं विचारलं की न येणारा माणूसही मोकळेपणाने ‘नाही रे, परीक्षा आहे’ असं सांगतो.

पत्त्याच्या बाबतीत नव्या घरांची एक खास अडचण असते. नकाशावर सोसायटीचं नाव शोधलं तर पुष्कळदा बिल्डरचं विक्री कार्यालय सापडतं आणि ते भलत्याच रस्त्यावर असतं. स्वतः गेटपाशी उभं राहून तिथलं लोकेशन पाठवावं, सोबत विंग, मजला आणि रिक्षावाल्याला सांगता येईल अशी जवळची एखादी खूण. रखवालदाराकडे नावांची यादी द्यावी, नाहीतर मामा-मामींना उन्हात उभं करून तो फ्लॅटचा इंटरकॉम वाजवत बसतो आणि आत मंत्रांच्या आवाजात तो कुणालाच ऐकू येत नाही.

ज्या घरी वर्षाच्या आत कुणी गेलेलं आहे, तिथे काय करायचं, यावर बरेच जण अडतात आणि सोपं म्हणून बोलावणंच टाळतात. तसं करू नये. तिथे पत्रिका न पाठवता फोन करावा, तारीख सांगावी आणि म्हणावं, ‘तुम्हाला वाटलं तर या, नाहीतर पुढच्या महिन्यात निवांत राहायलाच या.’ यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं.

एवढं सगळं प्रत्येकाला लिहायचं म्हणजे वेळ जातो हे खरं. पण तारीख, वेळ, पत्ता हा भाग एकदाच लिहून ठेवता येतो. वेगळ्या असतात त्या तीन-चार ओळी आणि त्या जवळच्या वीस-पंचवीस घरांनाच लागतात. बाकीच्यांना पत्रिका आणि खाली ‘दुपारी जेवायलाच या’ किंवा ‘संध्याकाळी तीर्थप्रसादाला या’ यांपैकी एक वाक्य पुरतं. ब्रॉडकास्टने पाठवणार असाल तर आपला नंबर ज्यांनी जतन केलेला नाही त्यांना तो निरोप पोहोचतच नाही, आणि म्हाताऱ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये आपला नवा नंबर असेलच असं नाही. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी पुन्हा एक फोन करावा: निघताय ना, गेटवर कोण घ्यायला येणार, आणि औषधं बरोबर घेतली का.