उमाजी नाईक : नोंदीतले आणि गोष्टीतले



चौथीच्या वर्गात उमाजी नाईकांची गोष्ट सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ते दरोडेखोर होते की क्रांतिवीर?" विचारणारा मुलगा रामोशी समाजाचा होता, त्यामुळे पटकन एक शब्द बोलून मोकळं होता येईना. म्हणून आज हा लेख.

आधी नोंदी काय सांगतात ते बघू. उमाजींचा जन्म 1791 साली पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी भिवडी गावात झाला. पुरंदरची राखण आणि गावोगावची जागल हे रामोशांचं पिढीजात काम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात किल्ल्यावरचा त्यांचा हक्क गेला आणि 1818 नंतर इंग्रजांच्या राज्यात उरलेली कामंही सुटत गेली. काल राखणदार होता तो आज उपाशी, अशी गत झाली. उमाजी दरोड्यांत सापडले, तुरुंगात गेले आणि तिथंच लिहा-वाचायला शिकले. बाहेर आल्यावर त्यांनी मोठी टोळी उभी केली.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. इंग्रजांना ही टोळी काही केल्या हाती लागेना. शेवटी 1828 च्या सुमारास सरकारने रामोशांचे गुन्हे माफ केले, त्यांना जमिनी दिल्या आणि त्याच डोंगरांच्या बंदोबस्ताला पगारावर ठेवलं. म्हणजे काही काळ उमाजी इंग्रज सरकारचे नोकर होते! ते फार दिवस टिकलं नाही. पुन्हा बंड झालं. 1831 च्या डिसेंबरात भोरजवळ उत्रोळीला ते पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली.

यातलं बरंचसं आपल्याला कॅप्टन मॅकिंटॉशच्या पुस्तकातून कळतं. ते रामोशांविषयी 1833 साली छापलं गेलं. पण हा मॅकिंटॉश कोण? उमाजींचा पाठलाग करणाऱ्यांचा प्रमुख! पकडणाऱ्यानेच लिहिलेलं चरित्र म्हटल्यावर त्यात 'लूट' हा शब्द जास्त येणार आणि लुटीमागचं कारण कमी. म्हणून नोंद छापील आहे एवढ्यावर ती निर्मळ ठरत नाही.

आता गोष्टीकडे येऊ. गावात सांगतात, की नाईकांनी गरीब बाईला बहीण मानलं, तिच्या लेकीचं लग्न लावून दिलं, सावकाराचं लुटून गरिबाला वाटलं. इथं एक सोपी कसोटी लावून बघा. गोष्टीतलं नाव बदला. उमाजींच्या जागी तंट्या भिल्ल घाला. तंट्यांना 1889 मध्ये जबलपूरला फाशी झाली, म्हणजे मध्ये सत्तावन्न वर्षं आणि शेकडो मैल. तरी लग्नाची गोष्ट जशीच्या तशी बसते. तंट्यांना तर लोक 'मामा'च म्हणत. इंग्लंडच्या रॉबिन हूडचं नाव घातलं तरी गरिबाला वाटल्याची गोष्ट बसते. जी गोष्ट कुणाच्याही अंगाला येते, ती बहुधा लोकांनी शिवलेली असते.

आता 1828 च्या नोकरीचा प्रसंग घ्या आणि तिथं तंट्यांचं नाव घाला. बसत नाही. पुरंदर, रामोशांची राखणदारी, हातघाईला आलेलं सरकार हे सगळं असल्याशिवाय तो प्रसंग उभाच राहत नाही. तो उमाजींचाच आहे. आणि गंमत बघा, गोष्टीतून नेमका तोच गळतो! वीर इंग्रजांचा पगार घेतो हे सांगणाऱ्याला अडचणीचं वाटतं. दंतकथा खोटं घालते त्यापेक्षा अडचणीचं खरं गाळते जास्त, आणि पिढ्या गेल्या की गाळलेलं कुणाला आठवतही नाही.

कसोटीला मर्यादा आहे. उमाजींनी खरोखरच एखादीचं लग्न लावलं असेलही. गोष्ट सगळीकडे सापडते म्हणून ती इथं घडलीच नाही, असं म्हणता येत नाही. फक्त तिच्यावर इतिहासाचा शिक्का मारू नये.

हे इतकं ताणून का सांगते? पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापुरातली 'सेटलमेंट' त्याच कायद्याची खूण. 1952 साली कायदा रद्द झाला, 'विमुक्त' हा शब्द आला, पण संशय लगेच गेला नाही. त्या मुलाला 'दरोडेखोर' म्हणणं म्हणजे पकडणाऱ्याचा शब्द उचलणं, आणि नुसतं 'देवमाणूस' म्हणणं म्हणजे राखणदाराची रोजी कशी गेली ते लपवणं.

मी त्याला सांगितलं, "बाळा, ते आधी राखणदार होते. पुढचं सगळं तिथून सुरू झालं."

तुमच्या वर्गातही हा खेळ घ्या. गावातल्या एखाद्या वीराची गोष्ट मुलांकडून लिहून घ्या, नाव बदलायला लावा आणि काय अडतं ते फळ्यावर मांडा. अडलेलं वाक्य सापडलं, की तिथून इतिहास विचारायला सुरुवात करा.