भांड्यांची बुडं काळी करणारा बर्नर

चहाच्या पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं की पहिला संशय सिलिंडरवर जातो. 'हल्ली गॅसच भेसळीचा येतोय' हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी म्हणतंच. आमच्या शेजारच्या काकूही तेच म्हणत होत्या. त्यांना एवढंच विचारलं, ''काकू, मग मोठ्या बर्नरवर कुकरचं बूड का काळं होत नाही? गॅस तर एकाच सिलिंडरमधून येतोय.'' त्यांनी दोन्ही बर्नर पेटवून पाहिले. मोठ्याची ज्योत निळी होती. छोट्याची ज्योत एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच, आणि जिथे होती तिथेही वर पिवळी शेपटं हलत होती. चहा-दूध रोज त्याच बर्नरवर उतू जात होतं.

बर्नर बुजला की गॅस कमी येतो आणि ज्योत मंद होते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गॅस किती यायचा हे बर्नरच्या मुंडीवरची भोकं ठरवत नाहीत. ते ठरवतं जेट, म्हणजे शेगडीच्या आत, नॉबच्या मागे बसवलेली सुईच्या टोकाएवढ्या भोकाची पितळी चावी. तिथून गॅस जोरात सुटतो आणि पुढच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. गॅस आणि हवा नळीत मिसळतात आणि मुंडीच्या भोकांतून बाहेर येऊन पेटतात. एक वाटी गॅस पुरता जळायला सुमारे पंचवीस ते तीस वाट्या हवा लागते. त्यातली बरीचशी या नळीतून येते, उरलेली ज्योतीला बाहेरून मिळते.

आता मुंडीची अर्धी भोकं बुजली असं समजा. मिश्रणाला बाहेर पडायला जागा कमी, म्हणून नळीत ते तुंबतं. जेटमधून गॅस जवळपास तेवढाच येत राहतो, पण तुंबलेल्या नळीत हवा ओढली जात नाही. गॅस तोच, हवा कमी. अर्धवट जळलेल्या कार्बनचे कण ज्योतीत तापून पिवळे चमकतात आणि पातेल्याला थंड झाले की काजळी होऊन चिकटतात. अशा अर्धवट ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो, म्हणून बर्नर साफ होईपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी. दुसरी गोष्ट म्हणजे घरगुती रेग्युलेटरमधून येणारा दाब फार थोडा असतो, जेमतेम फूटभर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. त्यामुळे भोकात बसलेला मळ गॅसच्या जोराने उडून जाईल ही आशा सोडावी.

मीठ किंवा धूळ ज्योतीत पडली तर केशरी ठिणग्या दिसतात. त्या काही क्षणांत जातात, त्यांनी भांडं काळं होत नाही, त्यांची काळजी नको.

काकूंची मुंडी काढायची म्हणून आधी रेग्युलेटर बंद केला आणि शेगडी पूर्ण निवू दिली. तापलेल्या पितळावर गार पाणी घालू नये, मुंडी वाकते किंवा तडकते. काढल्यावर ती उलटी धरून पोलपाटावर हलकेच आपटली, तर आतून काळा भुगा पडला. मग ती खिडकीकडे धरून खालच्या तोंडातून पाहिली. मोकळी भोकं उजेडाच्या ठिपक्यांसारखी दिसली आणि एका बाजूला ठिपकेच नव्हते. तिथे तपकिरी, काचेसारखा कडक थर होता, म्हणजे उतू गेलेल्या दुधातली आणि चहातली साखर जळून बसलेली. वरून फोडणीच्या तेलाचा चिकट थर.

इथे बहुतेक जण थेट लिंबू चोळायला घेतात. आंबट पदार्थ पितळावरचा काळा थर आणि दुधाच्या क्षारांचा कीट काढतो खरा, पण वर तेलकट लेप असेल तर तो आत पोचतच नाही. म्हणून तेल आधी. एक लिटर कडकडीत पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घालून मुंडी अर्धा तास बुडवून ठेवली. पाणी चहासारखं झालं. मग जुन्या टूथब्रशने घासून धुतली. त्यानंतर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ कोमट पाण्यात करून दहा मिनिटं. चिंचेत रात्रभर ठेवू नका, पितळातलं जस्त निघून जातं आणि मुंडी गुलाबी, ठिसूळ होत जाते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून येणारा फेस दिसायला छान असतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मळ तसाच राहतो. मुंडी पितळी नसून अॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको. तो अॅल्युमिनियम खातो आणि काळं पाडतो. साबण आणि गरम पाणी एवढंच पुरे.

साखरेचा थर आता मऊ झालेला असतो. भोकापेक्षा बारीक तार घ्यावी, जुन्या वायरीतली तांब्याची एकच ताठ तार असेल तर उत्तम, आणि प्रत्येक भोकातून सरळ आत-बाहेर करावी. सेफ्टी पिन किंवा सुई जोराने फिरवू नका. भोक मोठं झालं की ज्योत त्यातून मागे, मुंडीच्या आत शिरू शकते आणि फटकन आवाज होतो. टूथपिक तर आतच मोडते. मग मुंडी आतून धारेखाली धुवून पुन्हा उजेडाला धरायची. ठिपके पुरे झाले की काम झालं. उन्हात पूर्ण वाळू द्यावी. भोकात पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते आणि साफ करूनही बिघाड राहिलाय असं वाटतं.

जुन्या रॉकेलच्या स्टोची पिन घरात असेल तर ती या भोकांना चालते, पण जेटमध्ये चुकूनही घालू नये. जेटचं भोक किंचित जरी रुंदावलं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि काजळी कायमची मागे लागते. जेट बुजला असेल तर ज्योत पिवळी होत नाही, बारीक आणि मलूल होते. ते काम शेगडी दुरुस्त करणाऱ्याचं.

मुंडी पुन्हा बसवताना ती हलत नाही ना ते पाहावं. तिरकी बसली तर खालच्या फटीतून ज्योत येते. काकूंच्या बर्नरची ज्योत सगळीकडे निळी झाली, एका भोकाशी मात्र किंचित बुटकी राहिली. ते भोक खालून खाल्लं गेलं होतं, तिथे तार काही करणार नव्हती. दोन-तीन भोकं एकमेकांत मिळाली असतील किंवा मुंडीला तडा गेला असेल, तर नवी मुंडीच घ्यावी, आणि नेताना जुनी सोबत न्यावी, कारण माप कंपनीगणिक वेगळं असतं.

साफ करूनही अख्खी ज्योत पिवळीच राहिली, तर खालच्या नळीत डोकवा. जेटजवळच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं किंवा झुरळाची अंडी हमखास सापडतात, विशेषतः शेगडी काही दिवस बंद असली तर. बारीक बाटली-ब्रश कोरडाच फिरवावा, पाणी ओतू नये. आणि दोन्ही बर्नर एकदमच पिवळे जळायला लागले असतील, तर मुंड्या धूत बसू नका. मग दोष रेग्युलेटर किंवा नळीकडे आहे. वासही येत असेल तर नॉब आणि रेग्युलेटर बंद करून, दिव्याचं बटण न दाबता दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ हा एलपीजी गळतीचा आपत्कालीन क्रमांक लावा.