घरच्यांसाठी बाजाराची बातमी

४ जून २०२४. लोकसभेच्या निकालाचा दिवस. दुपारी टीव्हीवर पट्टी फिरत होती, ‘सेन्सेक्स ६,२०० अंकांनी कोसळला’. संध्याकाळी तिची जागा दुसऱ्या पट्टीने घेतली, ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले’. शेअर कशाला म्हणतात हे ज्यांना नीट माहीत नाही, अशा कितीतरी घरांत त्या दिवशी एकच प्रश्न विचारला गेला : आपले पैसे सुखरूप आहेत ना? अशा वेळी घरात बाजार समजणारे कुणीतरी एक असते. भाचा बँकेत असतो, सून हिशेब पाहते किंवा निवृत्त काका रोज अर्थविषयक पान वाचतात. त्या माणसाने घरच्या ग्रुपवर पाच-सात ओळी लिहिल्या, तर अर्धी भीती तिथेच ओसरते. मात्र त्या नीट लिहायला हव्यात. तो ४ जूनचाच संदेश आपण लिहून पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. मधल्या वेळात आकडा सतत हलत असतो. त्या दिवशी सेन्सेक्स एका क्षणी ७०,२३४ पर्यंत खाली गेला होता. बंद झाला तो ७२,०७९ वर. म्हणजे दुपारची ६,२०० अंकांची घसरण दिवसअखेर ४,३९० वर आली. दुपारी दोनला घाईने लिहिलेला संदेश चारला खोटा ठरला असता. म्हणून बाजार बंद होऊन अंतिम आकडा आल्यावरच लिहावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अंक सांगू नका, टक्के सांगा. ४,३९० हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण आदल्या दिवशी सेन्सेक्स ७६,४६९ होता. त्या मानाने ही घसरण पावणेसहा टक्क्यांची. याउलट २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला होता. अंक कमी, पण तेव्हा सेन्सेक्सच तीस हजारांच्या आत होता, त्यामुळे ती घसरण तेरा टक्क्यांहून जास्त होती. अंकांकडे पाहिले तर २०२४ चा दिवस मोठा वाटतो. प्रत्यक्षात २०२० चा फटका त्याच्या दुपटीहून मोठा होता.

टक्क्यांपेक्षाही घरात लवकर कळते ती लाखाची भाषा. शुक्रवारी, ३१ मे रोजी कुणाचे एक लाख रुपये सेन्सेक्सइतकेच चढणाऱ्या-उतरणाऱ्या फंडात होते असे धरू. शनिवारी संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या, त्यांनी सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत दाखवले आणि सोमवारी बाजार उसळला. लाखाचे सुमारे १,०३,४०० झाले. मंगळवारी ते ९७,४५० वर आले. सोमवारशी तुलना केली तर जवळजवळ सहा हजार गेले. शुक्रवारशी केली तर अडीच हजार. दोन्ही खरे आहे. फक्त पहिलेच सांगितले तर चित्र अर्धे राहते, म्हणून संदेशात दोन-चार दिवसांपूर्वीची एक पातळी जरूर द्यावी.

आता ते ‘बुडालेले’ ३१ लाख कोटी. बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या शेअरचा शेवटचा भाव घेऊन तो तिच्या एकूण शेअरच्या संख्येने गुणायचा आणि सगळ्या कंपन्यांची बेरीज करायची, म्हणजे बाजारमूल्य निघते. समजा एका कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि भाव ५०० वरून ४७० झाला. त्या दिवशी त्यातले दोन-चार लाख शेअरच विकले गेले असतील, तरी बाजारमूल्य ३०० कोटींनी घटले असे मांडले जाते. ज्यांनी विकलेच नाहीत, त्यांचे शेअर तेवढेच आहेत. फक्त त्यांची आजची किंमत उतरली आहे. ज्यांनी चढ्या भावात घेऊन त्या दिवशी घाबरून विकले, त्यांचा तोटा मात्र खरा. घरच्यांना हे दोन्ही सांगायला हवे. ‘काही झालेच नाही’ असे सांगणेही फसवेच.

कारण लिहिताना जेवढे पक्के तेवढेच लिहावे. बहुतेक दिवशी बाजार अर्धा-पाऊण टक्का वर-खाली होतो आणि त्याला दिलेले कारण मागाहून जोडलेले असते. अशा दिवशी ‘विशेष काही घडले नाही’ हीच खरी बातमी. ४ जूनचे कारण मात्र उघड होते. चाचण्यांनी मोठे बहुमत दाखवले होते, मतमोजणीत भाजपला स्वतःच्या बळावर २७२ चा आकडा गाठता आला नाही, तो २४० वर थांबला. सोमवारी ज्या अपेक्षेवर भाव चढले होते, ती फोल ठरली.

शेवटी घरच्यांचा मूळ प्रश्न : आपल्या पैशांचे काय? याचे उत्तर घरात कुणाचे काय आहे हे पाहून द्यावे. एवढे धरून त्या संध्याकाळचा संदेश असा होईल :

“आज शेअर बाजार पावणेसहा टक्के पडला. काल तो सव्वातीन टक्क्यांहून जास्त वाढला होता, त्यामुळे शुक्रवारच्या मानाने घट अडीच टक्क्यांची आहे. कारण निवडणुकीचा निकाल चाचण्यांपेक्षा वेगळा लागला. आत्या, तुमची बँकेतली एफडी आणि पोस्टातले पैसे यांचा याच्याशी संबंध नाही, व्याज ठरल्याप्रमाणे मिळेल. मामा, तुमच्या म्युच्युअल फंडाची किंमत आज कमी दिसेल, नवा भाव रात्री उशिरा येईल. एसआयपी चालू असेल तर पडलेल्या भावात जास्त युनिट मिळतात. दोन-चार महिन्यांत लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी लागणारे पैसे कुणी शेअर फंडात ठेवले असतील तर मला फोन करा. उद्या बाजार कुठे जाईल हे मला सांगता येणार नाही.”

शेवटचे वाक्य गाळू नका. त्याच आठवड्यात, ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला, म्हणजे पडण्याआधीच्या सोमवारपेक्षाही वर. पण मंगळवारी संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हते. २००८ मध्ये पडलेल्या बाजाराला सावरायला कितीतरी महिने लागले. ‘दोन दिवसांत येईल वर’ असे लिहिणारा एकदा बरोबर ठरतो आणि पुढच्या वेळी त्याच्या शब्दावर घरातले कुणीतरी पैसे लावून बसते. म्हणूनच अशा संदेशात ‘हा शेअर घ्या’, ‘तो विका’ असे काही नको. तो सल्ला सेबीकडे नोंदणी केलेल्या सल्लागाराकडून समोरासमोर घ्यावा. कुठून तरी आलेली ‘खात्रीची टीप’ घरच्या ग्रुपवर पुढे ढकलू तर मुळीच नये, कारण तिथे ती नात्याच्या भरवशावर वाचली जाते.

घरात हे काम तुमच्याकडे असेल, तर रोज लिहायची गरज नाही. बाजार दोन टक्क्यांहून जास्त हलेल त्या दिवशी लिहा, साडेतीननंतर लिहा, आणि प्रत्येक ओळ घरातल्या कुणाच्या तरी पैशांविषयी असू द्या.