दोन पाळ्यांमधले डाग

समजा, एकतीस वर्षांच्या एका शिक्षिकेने गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच महिन्यात पाळी नसताना कपड्यांवर डाग दिसू लागले. पहिल्या तीन महिन्यांत असं बऱ्याच जणींना होतं. गोळीतल्या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आणि ते स्थिरावेपर्यंत मधूनमधून झिरपतं. घाबरून गोळी मध्येच सोडली, तर रक्तस्राव वाढतो आणि गर्भ राहण्याचीही शक्यता निर्माण होते.

डॉक्टर आधी गर्भधारणेची चाचणी करायला सांगतात. मग विचारतात, गोळी चुकली होती का? क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू आहे का? हे औषध गोळीचा परिणामच कमी करतं.

या शिक्षिकेची एकही गोळी चुकलेली नव्हती, तरी पाचव्या महिन्यातही डाग थांबले नाहीत. इथे वाट पाहणं संपतं. गर्भाशयमुख उपकरणाने पाहिलं, ते स्वच्छ होतं. पाळी संपताच, अस्तर पातळ असताना योनीमार्गे सोनोग्राफी झाली. या दिवसांत पॉलिप, म्हणजे अस्तराची छोटी वाढ, स्पष्ट दिसते. तो दिसला. दुर्बिणीतून तो मुळासकट काढून तपासणीला पाठवला. या वयात असे बहुतेक पॉलिप कर्करोगाचे नसतात, तरी तपासणी टाळू नये.

संबंधांनंतर रक्त येत असेल, तर मात्र तीन महिने थांबायचं नाही. गर्भाशयमुखाची तपासणी लगेच करून घ्यावी.